रात्रीचा भात, सकाळचा डबा
सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो, आणि त्यात सर्वांत जास्त जपावं लागतं ते भाताला. तांदळातल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी खमंग फोडणी दिली, ऑफिसातल्या मायक्रोवेव्हमध्ये वाफ येईपर्यंत तापवला, तरी हे विष टिकतं. वासावरूनही कळत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात तेव्हाच कळतं. म्हणून डब्यासाठी भात सकाळीच शिजवावा, परातीत पातळ पसरून पंख्याखाली लवकर निववावा, मगच झाकण लावावं. गरम भात साध्या डब्यात कोंडला तर वाफेचं पाणी आतच राहतं आणि भात बराच वेळ कोमट राहतो. ओल्या नारळाची चटणी, मेयोनेज घातलेलं सँडविच आणि पनीरची रस्साभाजी उन्हाळ्यात डब्यात नकोच. त्याऐवजी पोळी आणि पाणी आटेपर्यंत परतलेली सुकी भाजी द्यावी, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. बिनफ्रिजच्या सहा तासांना हा बेत खरोखर उत्तम.