बीपीची गोळी वाढवण्याआधी एक प्रश्न विचारा

प्रति,
मा. मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकारी,
जिल्हा बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश

विषय: रक्तदाबाच्या रुग्णांनी परस्पर घेतलेल्या अंगदुखीच्या, सर्दीच्या गोळ्या आणि काढे यांची नोंद ठेवण्याबाबत

महोदय,

मी जसोंडीचा. पेशाने फार्मासिस्ट. गावागावातल्या आरोग्य मंदिरात आता बीपी मोजलं जातं, महिन्याच्या गोळ्या मोफत मिळतात आणि लोक त्या घेतातही. हे काम चांगलं चाललं आहे, म्हणूनच त्यातली एक फट आपल्या नजरेस आणून द्यावीशी वाटते. बीपी उतरत नाही असं दिसलं की गोळी वाढवली जाते. पण बीपी ज्या दुसऱ्या गोळीमुळे चढलं, तिची चौकशी होतेच असं नाही. ती गोळी सरकारी कार्डावर नसते. ती दुकानातून आलेली असते, शेजारणीने दिलेली असते, नाहीतर शेतावर जाताना पदराला बांधून नेलेली असते.

एक उदाहरण मांडतो. ते कुणा एका बाईचं नाही, पण आपल्या कुठल्याही आरोग्य मंदिरात असं घडू शकतं. साठी ओलांडलेली बाई. सकाळी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. बीपी १३४/८२, उत्तम. मे महिन्यात केळीच्या बागेत काम करून गुडघे धरले. दुकानातून डायक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्यांचं पाकीट आणलं. सकाळी एक, रात्री एक. आराम पडला, म्हणून आणखी एक पाकीट आणलं. पंधरा दिवसांनी बीपी १५२/९०, घोट्यांवर सूज, वजन दोन किलोने जास्त. बाईने सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या आहेत. मग टेल्मिसार्टनची ४० ची ८० होते. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं.

पुढच्या आठवड्यात तिला जुलाब होतात. ऊन ४४ अंशांवर. दोन दिवस पोटात पाणी ठरत नाही, पण गोळ्या चालूच आहेत: बीपीच्याही आणि गुडघ्याच्याही. तिसऱ्या दिवशी लघवी जेमतेम होते, मळमळते, गळून गेल्यासारखं वाटतं. रक्त तपासलं तर एरवी ०.९ असणारं क्रिएटिनिन २.४ झालेलं, पोटॅशियमही वाढलेलं. वेळेत दवाखान्यात पोचली, सलाइन लागलं, गोळ्या थांबवल्या, तर किडनी बहुतेक वेळा सावरते. उशीर झाला तर डायलिसिसची पाळी येऊ शकते, आणि काहींची किडनी पहिल्यासारखी होतच नाही.

हे का घडतं ते थोडक्यात सांगतो, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्यांच्या गुच्छाला एक आत येणारी वाहिनी असते आणि एक बाहेर जाणारी. शरीरात पाणी कमी पडलं की आतली वाहिनी रुंद ठेवून आणि बाहेरची आवळून किडनी गाळण्यापुरता दाब टिकवते. आतली वाहिनी रुंद ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या सगळ्या गोळ्या दुखणं थांबवताना तीच द्रव्यं कमी करतात. बाहेरची वाहिनी आवळते अँजिओटेन्सिन, आणि टेल्मिसार्टन नेमकं त्यालाच अडवते. त्यात क्लोरथॅलिडोनने पाणी आधीच कमी केलेलं. किडनीकडे स्वतःला सांभाळायचे जेवढे मार्ग होते, तेवढे सगळे एकाच वेळी बंद होतात. वर उन्हाळा आणि जुलाब.

बीपी चढण्याचं कारणही तिथेच आहे. तीच द्रव्यं कमी झाली की किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. म्हणून वजन वाढतं, सूज येते आणि टेल्मिसार्टन, एनालाप्रिल किंवा लघवीच्या गोळीचा जोर ओसरतो. अ‍ॅम्लोडिपिनवर हा परिणाम फार कमी होतो. अनेक अभ्यासांची एकत्र सरासरी काढली तर वाढ साधारण ५ मिलिमीटर दिसते. काहींच्यात ती बरीच जास्त असते, काहींच्यात मुळीच नसते. ब्रिटनमधल्या पावणेपाच लाखांहून जास्त बीपीच्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. टेल्मिसार्टनच्या जातीची किंवा एनालाप्रिलच्या जातीची गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र घेणाऱ्यांत किडनी अचानक बिघडण्याचं प्रमाण, वेदनाशामक न घेणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त होतं. पहिल्या ३० दिवसांत ते ८२ टक्क्यांनी जास्त होतं. म्हणजे 'थोडेच दिवस तर घ्यायचीय' हा दिलासा इथे चालत नाही. सर्वांत नाजूक काळ सुरुवातीचाच आहे.

२०२५ साली छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने लहान मुलांच्या किडन्या निकामी होऊन मृत्यू झाले, तेव्हा राज्यभर दुकानांची तपासणी झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या सिरपमध्ये विषारी रसायन होतं, ते प्रयोगशाळेत सापडलं. मी म्हणतो ती गोळी शुद्ध असते, कंपनीची असते, पाकिटावर लिहिलं तेच आत असतं. कुठलीही प्रयोगशाळा हा धोका पकडणार नाही. तो पकडू शकते फक्त समोर बसलेली, विचारणारी व्यक्ती.

आता सर्दीच्या गोळ्या. त्यांत बहुधा पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असतं. फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं. तोंडाने घेतलेलं पुष्कळसं पोटातच निष्क्रिय होतं, त्यामुळे बीपी आटोक्यात असलेल्या माणसाने दोन दिवस घेतली तर बहुधा मोठं काही होत नाही. पण त्याच कारणाने नाकालाही फायदा होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ साली एकमताने तेच सांगितलं. ज्याचं बीपी आधीच १६० च्या वर आहे, त्याने उपयोग नसलेल्या द्रव्यासाठी धोका का पत्करावा? शिवाय सर्दी-तापाच्या काही गोळ्यांत आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामकही असतं. गुडघ्याची गोळी बंद केलेला माणूस सर्दीच्या पाकिटातून तेच औषध पुन्हा घेतो आणि त्याला पत्ता नसतो.

काढ्यांचं बोलायला बुऱ्हाणपूरसारखी दुसरी जागा नाही. युनानीची परंपरा इथे जुनी आहे, शहरात युनानी महाविद्यालय आहे आणि थंडीत जोशांदा घरोघर उकळतो. जोशांद्यात मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध असतं. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरातल्या कॉर्टिसॉलला मीठ धरून ठेवण्याचं काम करायला लावतं. बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम उतरवतं, मग पायात गोळे येणं, थकवा, ठोके चुकणं सुरू होतं. घसा धरला म्हणून दोन-तीन दिवस काढा घेतल्याने असं होत नाही. महिनाभर रोज घेणाऱ्याला, रोज ज्येष्ठमधाची पूड चाटणाऱ्याला विचारलं पाहिजे. सर्पगंधेचं उलट आहे. तिने बीपी खरोखर उतरतं, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमधल्या निबंधात तिची ताकद जगासमोर मांडली. म्हणूनच ती सरकारी गोळ्यांवर परस्पर चढवली तर बीपी नको तितकं खाली जाऊ शकतं. जडीबुटी औषध आहे म्हणूनच तिचं इतर औषधांशी जमतं किंवा बिघडतं. आणि सांधेदुखीच्या ज्या बेनामी पुड्या लगेच उतार देतात, त्यांत डायक्लोफेनॅक किंवा स्टेरॉइड मिसळलेलं असल्याची शंका पहिली घ्यावी.

महोदय, यासाठी नवी योजना नको. आपल्या अधिकारात बसतील अशा चार गोष्टी मागतो.

पहिली: बीपी मोजताना प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला जावा आणि उत्तर कार्डावर लिहिलं जावं. 'दुसरं काही औषध घेता का?' असं विचारलं तर लोक 'नाही' म्हणतात, कारण अंगदुखीची गोळी त्यांच्या हिशेबात औषध नसते. विचारायचं ते असं: 'पंधरा दिवसांत अंग, गुडघे, डोकं, दात दुखले म्हणून, सर्दी झाली म्हणून काही घेतलं का? काढा, चूर्ण, पुडी? पाकीट घरी असेल तर पुढच्या वेळी घेऊन या.' हा प्रश्न मराठीत, हिंदीत आणि पाड्यांवरच्या बोलींतही छापावा.

दुसरी: उत्तर 'हो' असेल आणि बीपी धोक्याच्या पातळीवर नसेल, तर गोळी लगेच वाढवू नये. आधी वेदनाशामक थांबवावं आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावं. घोट्याची सूज अ‍ॅम्लोडिपिननेही येते, म्हणून ती कधी सुरू झाली हे विचारावं. वेदनाशामकानंतर वजनासह आली असेल तर रोख तिकडे. दुखण्यासाठी जागेवर लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल द्यावं, त्यातलं रक्तात फार थोडं जातं. पॅरासिटामॉल ५०० गरजेपुरतं चालतं. मात्र एडिनबरोच्या २०२२ मधल्या चाचणीत रोज ४ ग्रॅम घेणाऱ्या बीपीच्या रुग्णांचं बीपी सुमारे ५ मिलिमीटर वाढलं, म्हणून तेही महिनोन्‌महिने रोज नको. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन मात्र या धास्तीने कुणी बंद करू नये, आणि बीपीची गोळीही.

तिसरी: टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी दोन्ही चालू असलेल्यांची यादी काढून त्यांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम उन्हाळ्याआधी तपासावं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी केंद्रावर यायचं आणि या दोन गोळ्या चालू ठेवायच्या की नाहीत ते विचारायचं, हे आशाताईंनी त्यांना घरी जाऊन सांगावं.

चौथी: औषध निरीक्षक, दुकानदार आणि युनानी महाविद्यालयातले हकीम यांना एकत्र बसवावं. डायक्लोफेनॅक कायद्याने चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे. तो नियम पाळला जावा. चिठ्ठी लागत नाही अशा गोळीलाही 'बीपीची गोळी चालू आहे का?' एवढं विचारायला काउंटरवर काही सेकंद लागतात. दुष्परिणाम दिसला तर तो 1800-180-3024 या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या मोफत क्रमांकावर कळवायचा, हा फलक प्रत्येक दुकानात लागावा.

केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला 'दुखणं सोस' असं मी म्हणू शकत नाही. त्याला गुडघ्यासाठी सुरक्षित औषध मिळायला हवं आणि बीपीही आटोक्यात राहायला हवं. दोन्ही एकत्र जमतात, फक्त दोन्हींची नोंद एका कार्डावर हवी. पहिल्या मागणीला तर छापील कागदाशिवाय काही लागत नाही. ती येत्या उन्हाळ्याआधी सुरू करावी, ही विनंती. दुकानदारांच्या बैठकीत उभं राहून हे समजावून सांगायला मी तयार आहे.

आपला नम्र,
जसोंडीचा एक फार्मासिस्ट