जोडीदार निवडताना : तत्त्व कोणते आणि आवड कोणती?

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत एक गोष्ट मी अनेक वर्षे पाहतो आहे. बायोडाट्यात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलेले असते आणि रात्री फोनवर हळूच विचारले जाते, "कोसरे की बावणे?" पोटजात जुळली नाही म्हणून स्थळ मोडते. तेच कुटुंब दुसऱ्या ठिकाणी, "हुंडा नको, फक्त लग्न थाटात करून द्या" ही अट मात्र हसत मान्य करते. जिथे सोडून द्यायला हवे तिथे आपण अडून बसतो आणि जिथे अडायला हवे तिथे सोडून देतो. पोटजातीला आपण 'संस्कार जुळतात' असे तत्त्वाचे नाव देतो आणि हुंड्याला 'हौसमौज' असे आवडीचे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही नावांची अदलाबदल ओळखता आल्याशिवाय जोडीदार निवडता येत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. ती नर्स आहे, चळवळीत वाढलेली. दोन मुलांचा विचार चालू होता, म्हणून तिने वहीत अटींची यादी केली आणि माझ्याकडे आली. मुलगा बौद्ध हवा, चळवळीत काम करणारा हवा, घरात गणपती नको, हुंडा नको, माझी नोकरी सुटता कामा नये, लग्न साधेपणाने हवे, मुलगा शहरात राहणारा हवा, वाचनाची आवड हवी. आठही अटी तिला सारख्याच वजनाच्या वाटत होत्या.

मी तिला प्रत्येक अटीपुढे 'का?' लिहायला सांगितले. जे उत्तर येईल त्यालाही पुन्हा 'का?' विचारायचे. शहरात राहणारा का? कारण हॉस्पिटल शहरात आहे. ते का महत्त्वाचे? कारण नोकरी टिकली पाहिजे. म्हणजे शहर हे तत्त्व नव्हते. तत्त्व होते स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे, आणि तासाभराच्या बस-प्रवासावरचे गावही त्यात बसत होते. वाचनाच्या अटीला दुसऱ्यांदा 'का?' विचारल्यावर ती म्हणाली, "गप्पा रंगतात म्हणून." ही आवड झाली. चांगली आवड आहे, पण गप्पा मैत्रिणींशीही रंगतात. जे दुसरीकडून मिळू शकते, ते न मिळाल्याने लग्न मोडत नाही.

गणपतीची अट सर्वांत अवघड होती. दुसरा मुलगा तिच्या कॉलेजातला, माळी समाजातला. त्याची आई दरवर्षी गणपती बसवते. ती म्हणाली, "बावीस प्रतिज्ञांतली तिसरीच प्रतिज्ञा गौरी-गणपतीची आहे, मग हा विषय संपलाच." मी म्हटले, प्रतिज्ञा कुणी घेतली आहे? तू. मग ती तुला बांधते, त्याच्या आईला नाही. तिने हात जोडायचे नाहीत, आरतीचे ताट धरायचे नाही, पुढे मुलांवर कुणी सक्ती करायची नाही, हे तिचे तत्त्व. सासूने आपल्या श्रद्धेने गणपती बसवणे हा मतभेद, आणि तो निभावता येतो. पण 'सून म्हणून एक दिवस तरी आरतीला उभी राहा' असा आग्रह झाला की तिथे गाडी थांबते. घरातल्या मूर्तीवरून काहीच ठरत नाही. सक्ती होते की नाही, एवढेच पाहायचे.

आता पहिला मुलगा. बौद्ध, गाडीवर निळा झेंडा, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे. यादीतल्या पहिल्या दोन अटी एका झटक्यात पूर्ण. पण नोकरीबद्दल विचारले तर म्हणाला, "लग्नानंतर बघू." लग्नाचा खर्च मुलीकडच्यांनी करायचा, हे त्याच्या घरी गृहीतच होते. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे आणि त्यात घेणाऱ्याइतकाच देणाराही गुन्हेगार आहे. लग्नाच्या अटीपोटी मागितलेल्या थाटाला 'मानपान' म्हटल्याने तो निर्दोष होत नाही.

म्हणून दुसरी कसोटी अशी की शब्द ऐकू नका, व्यवहार विचारा. 'तू समतावादी आहेस का?' याला कुणीही 'हो' म्हणतो. त्याऐवजी विचारा, तुझा पगार कुणाच्या खात्यात जातो, माझा कुणाच्या खात्यात जाईल? माझी रात्रपाळी असेल तेव्हा स्वयंपाक कोण करील? तुझ्या बहिणीने जातीबाहेर लग्न केले तर तू कुठे उभा राहशील? आणि एखाद्या छोट्या गोष्टीला स्पष्ट 'नाही' म्हणून पाहा. त्या 'नाही'नंतर माणूस कसा वागतो, त्यात पुढची वीस वर्षे दिसतात. दुसऱ्या मुलाने या प्रश्नांची उत्तरे देताना एकदा तर, "आईला मी अजून सांगितलेले नाही, सांगायला भीती वाटते," असे कबूल केले. आणि पुढच्या आठवड्यात जाऊन सांगितले. तत्त्वाची किंमत मोजायची तयारी अशी दिसते.

या चाळणीत एक प्रकार वेगळा राहतो. मूल हवे की नको, आईवडिलांसोबत राहायचे की वेगळे, परदेशी जायचे की नाही. यात कुणाचेही तत्त्व चुकीचे नसते, पण काही ठिकाणी मधला मार्गच नसतो. वेगळे घर जवळ घेता येते, अर्धे मूल जन्माला घालता येत नाही. एकाला ठाम हवे आणि दुसऱ्याला ठाम नको असेल, तर दोघे चांगले असूनही तिथे थांबावे. 'लग्नानंतर मन बदलेल' या भरवशावर लग्न करू नये.

बाबासाहेबांकडून हा फरक शिकता येतो. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने भाषणातला काही भाग गाळायला सांगितला. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वतः छापले. विचाराशी तडजोड नाही, म्हणजे नाही. तेच बाबासाहेब १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाहबद्ध झाले. त्या सारस्वत ब्राह्मण कुटुंबातल्या होत्या. जन्माची जात त्यांच्या लेखी आड येणारी गोष्ट नव्हती. आणि आपण कोसरे-बावणे करत बसतो!

त्या मुलीच्या आठ अटींपैकी शेवटी तीन उरल्या : हुंडा नाही, नोकरी माझ्या निर्णयाने, पूजेची सक्ती नाही. बाकी पाचांवर बोलता येत होते. 'बौद्ध हवा' ही अट तिने स्वतः खोडली, कारण 'का?' विचारत गेल्यावर ती याच तिघींत विरघळली. 'चळवळीत हवा' याचे झाले 'माझ्या कामाला आडवा येऊ नये'. दोघांनी विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे नोटीस दिली. तीस दिवसांची मुदत असते आणि नोटीस कार्यालयात लावली जाते, म्हणून घरच्यांना आधीच सांगितले होते. तीन साक्षीदारांत एक मी होतो. सासूबाई आल्या, चेहरा पडलेला होता, पण आल्या.

तिच्या घरी आज भाद्रपदात आरती होते, तेव्हा ती ड्यूटीवर नसली तर आतल्या खोलीत बसते. पहिल्या वर्षी एकदा हाक आली होती. तिने "नाही" म्हटले आणि नवरा म्हणाला, "आई, ठरले आहे ना." त्यानंतर हाक आली नाही.

तुमची यादी काढा. प्रत्येक अटीपुढे 'का?' लिहा. आणि पोटजात त्या यादीत सापडली, तर आधी स्वतःलाच विचारा की धम्म नेमका कुणी स्वीकारला होता?

जय भीम!