पायरीपायरीने वक्तृत्व

लाजाळू मुलाला एकदम व्यासपीठावर उभे केले, तर त्याची भीती अधिकच दृढ होते. म्हणून सातवीतील एका मुलीसाठी आम्ही पायऱ्या आखल्या. प्रथम तिने जागेवर बसूनच पाठातील पाच ओळी मोठ्याने वाचल्या. मग तोच उतारा उभे राहून, प्रत्येक पूर्णविरामाला नजर वर उचलून वाचला. त्यानंतर पुस्तक मिटून तीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची होती.

खरी घसरण येथेच होते. तिने मजकूर पाठ केला, एक शब्द निसटला आणि ती गप्प झाली. आम्ही पाठांतर थांबवून केवळ तीन शब्दांची चिठ्ठी तिच्या हाती दिली. आवाज सलग दोनदा शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला, तेव्हाच आयत्या वेळचा विषय दिला : ‘तराजू’. अर्धा मिनिट विचार, एक मिनिट भाषण. क्रम ठरलेला : एक विधान, एक प्रसंग, पुन्हा तेच विधान.

ती म्हणाली, “तराजू आधी रिकामा तपासावा. आजोबा रोज दुकान उघडताच काटा पाहतात…”

मध्ये ती एकदा अडखळली; पण क्रम ठाऊक असल्याने थांबली नाही. घरीही पालकांनी मुलाचे वाक्य पुरे होऊ द्यावे, चूक नंतर सांगावी.