केसगळती : नोंद आजची, कारण तीन महिन्यांपूर्वीचे

जूनमध्ये कंगव्यात केसांचे पुंजके दिसू लागले की दोष पाण्याला किंवा नव्या शाम्पूला दिला जातो. मूळ कारण मात्र बहुधा मार्चअखेरच्या धावपळीत दडलेले असते.

डोक्यावरील बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात; सुमारे दहा-पंधरा टक्के विश्रांतीत असतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तीव्र ताणामुळे एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीत जातात. म्हणून गळती ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी दिसते. वैद्यकशास्त्रात तिला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात.

चाळिशीतील एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. जानेवारी ते मार्च उधारीची वसुली आणि कर्जाचे नूतनीकरण यांत रात्रीचा एक वाजे. पहाटे साडेपाचला पुन्हा उठणे. जूनमध्ये केस मुठीने येऊ लागले. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक. येथे ते दुपटीहून अधिक होते. केसांच्या मुळाशी पांढरा ठिपका होता, विरळपणा सर्वत्र सारखा होता, कोठेही टक्कल नव्हते. ही या प्रकाराची लक्षणे होत.

ताण एप्रिलमध्ये ओसरला असल्याने गळती ऑक्टोबरपर्यंत थांबली. कारण दूर झाल्यावर तीन ते सहा महिन्यांत ती सहसा थांबते. परंतु केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे पूर्वीचा भरगच्चपणा यायला आणखी सहा महिने ते वर्ष लागते. कपाळालगत दिसणारे आखूड नवे केस ही सुधारणेची खूण होय. ताण चालूच राहिला, तर गळतीही सहा महिन्यांपलीकडे रेंगाळते.

उपाय साधे आहेत. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही बदलू नये. दुपारनंतर चहा टाळावा. वसुलीचे फोन व हिशेब झोपण्यापूर्वी तासभर आवरावेत. उद्याची कामे कागदावर लिहून ठेवल्यास ती डोक्यात घोळत नाहीत. जेवणात डाळ, कडधान्ये, दूध किंवा पनीर रोज असावे. दीर्घ उपवासानंतरही अशीच गळती होऊ शकते. म्हणून केस आधीच गळत असताना अठाईचा संकल्प करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे, कारण त्यांमुळे थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो.

कपाळाच्या कोपऱ्यांत किंवा टाळूवरच केस विरळ होणे, गोल चट्टा पडणे, खाज किंवा खपल्या येणे ही लक्षणे निराळ्या विकारांची असतात. तेथे वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.