पोर्टफोलिओ मुलाखतींबाबत मागणीपत्र

प्रति,
जाहिरात, प्रकाशन व डिझाइन संस्थांचे संचालक आणि भरतीप्रमुख

महोदय/महोदया,

आमचे सभासद डिझायनर आणि कॉपीरायटर आहेत. त्यांची निवड पोर्टफोलिओवरून होते. पण मुलाखतीत पाने भराभर उलटली जातात आणि एका शेऱ्यावर विषय संपतो. याबाबत तोंडी बोलून झाले आहे. आता मागण्या लेखी मांडत आहोत.

१. वेळ : दहा मिनिटांत वीस कामे दाखवली, तर दिसते ती फक्त सजावट. मुलाखत ४५ मिनिटांची असावी. उमेदवाराने निवडलेल्या ३ कामांना प्रत्येकी १० मिनिटे आणि प्रश्नांना १५ मिनिटे द्यावीत. प्रत्येक कामात ग्राहकाची गरज, अडचणी, बाद केलेला पर्याय आणि स्वतःचा वाटा सांगणे ही सभासदाची जबाबदारी राहील.

२. टीका : एका सभासदाने दुधाच्या पिशवीचे डिझाइन दाखवले. शेरा आला, “अक्षरं फार मोठी आहेत.” प्लास्टिकवर छापताना शाई पसरते. रंगीत पट्टीवर पांढरी, बारीक अक्षरे ठेवली तर अनुस्वार बुजतो आणि वेलांट्या भरून जातात. म्हणून ६ पॉइंटची अक्षरे बाद करून ९ पॉइंटची घेतली होती. हे सांगायला अर्धे मिनिट पुरले असते. ते मिळाले नाही.

शेरा वाचनीयतेबद्दल आहे, खर्चाबद्दल आहे की वैयक्तिक आवडीचा आहे, हे परीक्षकाने स्पष्ट करावे आणि उत्तराला २ मिनिटे द्यावीत. टीका रास्त असेल तर सभासद ती मान्य करून काय बदलेल ते सांगेल. नसेल तर कारण देईल. असहमती हा उद्धटपणा समजू नये.

३. गोपनीय काम : आधीच्या मालकाशी गोपनीयतेचा करार असलेले काम दाखवण्याचा आग्रह धरू नये. ग्राहकाचे नाव आणि आकडे झाकून केलेली मांडणी ग्राह्य धरावी. आज दुसऱ्याचे गुपित फोडणारा उद्या तुमचेही फोडेल.

४. चाचणी : चाचणी ४ तासांपेक्षा मोठी नसावी, तिचा मोबदला मिळावा आणि विषय चालू ग्राहकाचा नसावा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. नोकरीत नसलेल्या उमेदवाराची जाहिरात-ओळ त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये.

यांपैकी तीन मागण्यांना खर्च नाही. चौथीचा खर्च चार तासांच्या कामाइतका आहे. ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. जी मागणी मान्य नसेल, तिच्यापुढे कारण लिहावे.

आपले,
अध्यक्ष व कार्यकारिणी