डिजिटल सही असलेला सातबारा खरा आहे, पण तो कोणत्या तारखेचा?

digitalsatbara.mahabhumi.gov.in वर 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा हातात येतो. तो कायदेशीर कामाला चालतो, खालच्या पडताळणी क्रमांकावरून खरा-खोटाही कळतो. पण सही नेमकं काय सांगते? त्या क्षणी सरकारी नोंद अशी होती, एवढंच. उद्या नोंद बदलली तरी तुमच्याकडची पीडीएफ खरीच ठरेल!

समजा, विक्रेत्याने 3 जूनला सातबारा काढला. 5 तारखेला त्याने तीच जमीन दुसऱ्या कुणाला खरेदीखत करून दिली. 10 तारखेला तुम्ही तो सातबारा बघून विसार देता. दस्त नोंदवला गेल्यावर फेरफाराची नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तोपर्यंत सातबाऱ्यावर नाव जुनंच. म्हणून पैसे देण्याच्या दिवशी स्वतः नवा उतारा काढा, 'प्रलंबित फेरफार' हा रकाना वाचा आणि 'आपली चावडी'वर त्या गावच्या नोटिसा बघा. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ मी तरी धरणार नाही.

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि गट क्रमांक टाकून आधीचे दस्तही शोधता येतात. मात्र सही करून अजून न नोंदवलेला दस्त तिथे दिसणार नाही, आणि दस्त नोंदवायला कायद्याने चार महिने मिळतात. वर नोंदणी झाली की तो सही केल्याच्या तारखेपासून लागू होतो. ही फट पोर्टल बुजवू शकत नाही. ई-रजिस्ट्रेशनची घरबसल्या सोय प्रामुख्याने भाडेकरार आणि बिल्डरकडून पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या फ्लॅटसाठी आहे. शेतजमिनीला दुय्यम निबंधकांकडे जावंच लागतं. आणि निबंधक दस्त नोंदवतात, विक्रेत्याच्या मालकीची हमी देत नाहीत.

आता शेतावर जाण्याचं कारण. गट 1 हेक्टर 20 आरचा, चार भावांची नावं, विक्रेत्याच्या नावापुढे 30 आर. हे 30 आर कुठले? रस्त्याकडचे की ओढ्याकडचे? पोटहिस्स्याची मोजणी झाली नसेल तर गटाचा नकाशा फक्त बाहेरची हद्द दाखवतो. भावांनी तोंडी वाटणी केलेली असते, बांध घातलेला असतो, आणि विहिरीकडचा तुकडा भलताच कुणी कसत असतो. तेव्हा बांधावर उभं राहून शेजाऱ्याला विचारा, 'हे कोण कसतंय, किती वर्षं?' सामाईक विहिरीत किती वाटा, गाडी कुणाच्या रानातून जाते, तेही विचारा. बाकीच्या भावांना भेटा, शक्यतो विक्रेता बरोबर नसताना. त्यांच्यातला एकजण जरी 'आमची वाटणी अजून झालीच नाही' म्हणाला, तर मोजणी आणि रीतसर वाटप होईपर्यंत विसार देऊ नका.