प्रयोगवहींतील चार ओळी

विज्ञानशाखेंत शिकणारें एखादें तरी मूल आतां बहुतेक घरांत असतें. परीक्षेचे दिवस जवळ आले कीं त्याची प्रयोगवही, जिला महाविद्यालयांत ‘जर्नल’ म्हणतात, घरांतील कोणा वडील माणसाच्या हातीं येते, आणि ‘काका, एवढें जरा पाहून द्या’ अशी विनंति होते. आंकडेमोड तपासणें सोपें असतें. अडते ती शेवटची बाजू. अहवालांत ‘चर्चा’ म्हणून दीड-दोन पानें लिहिलेलीं असतात, आणि त्यांतून वहीसाठीं ‘निष्कर्ष’ व ‘मर्यादा’ एवढेंच काढून चार-सहा ओळींत मांडावयाचें असतें. मुलें येथें एकतर सगळी चर्चा पुन्हा उतरवितात, नाहींतर ‘प्रयोग यशस्वी झाला’ असें लिहून मोकळीं होतात. हें काम कसें करावें तें या खेपेस एकाच उदाहरणावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या पुढ्यांत असलेला अहवाल लिंबाच्या रसाचा आहे. रस उकळल्यानें त्यांतील क जीवनसत्त्व, म्हणजे ऍस्कॉर्बिक आम्ल, किती कमी होतें हें पाहावयाचें होतें. रीत जुनी आणि सुटसुटीत आहे. वीस मिलिलिटर गाळलेला रस शंकुपात्रांत घेऊन त्यांत थोडें पाणी व पिष्टाचें पातळ द्रावण घालतात, आणि ब्यूरेटमधून आयोडीनचें द्रावण थेंबाथेंबानें सोडतात. रसांत ऍस्कॉर्बिक आम्ल आहे तोंवर तें आयोडीन खाऊन टाकतें. तें संपलें कीं पुढच्या थेंबाचें आयोडीन पिष्टास भेटतें आणि टिकणारा निळा रंग येतो. द्रावण ०.००५ मोलर असेल तर त्याच्या एका मिलिलिटरास ०.८८ मिलिग्रॅम ऍस्कॉर्बिक आम्ल लागतें.

ताज्या रसाचीं तीन वाचनें ८.१, ८.२ आणि ८.१ मिलिलिटर अशीं आलीं, सरासरी ८.१३. तोच रस उघड्या कांचपात्रांत पंधरा मिनिटें उकळून, निववून पुन्हा मोजला तेव्हां ६.८, ६.९ आणि ६.८ आले, सरासरी ६.८३. म्हणजे शंभर मिलिलिटर ताज्या रसांत सुमारें ३६ मिलिग्रॅम, उकळलेल्यांत सुमारें ३०, आणि घट शेंकडा १६.

येथवर सर्व ठीक. आतां चर्चा पाहूं. तींत विद्यार्थिनीनें लिहिलें आहे कीं, उष्णतेनें क जीवनसत्त्व नष्ट होतें हें या प्रयोगानें सिद्ध झालें. पुस्तकांतील माहितीशीं हें जुळतें. कांहीं मानवी चुका व उपकरणांतील दोष यांमुळें उत्तरांत थोडा फरक संभवतो. आयोडीनचें द्रावण ताजें नव्हतें. रस उकळतांना थोडा आटला. आणि म्हणून गृहिणींनीं लिंबू भाजींत घालून शिजवूं नये. हीं सहा विधानें आहेत, आणि सहांची जात एक नाहीं. संक्षेप करतांना पहिलें काम हेंच कीं, प्रत्येक विधान हातांत घेऊन त्यास विचारावें : तूं आमच्या वाचनांतून निघालास, कीं बाहेरून आलास?

वाचनांतून निघालेलें विधान एकच आहे. उकळलेल्या रसास आयोडीन कमी लागलें, आणि तें शेंकडा १६ नें कमी लागलें. एवढा फरक केवळ वाचण्याच्या चुकीनें पडला असेल काय? ब्यूरेट ०.१ मिलिलिटरपर्यंत वाचतां येतें. दोन्ही वाचनें उलट दिशांनीं तेवढीं चुकलीं असें धरलें तरी घट १४ ते १८ यांच्या दरम्यान राहते, शून्यावर जात नाहीं. म्हणून हा निष्कर्ष ठामपणें लिहावा, आणि आंकडा जोडून लिहावा. ‘जीवनसत्त्व कमी झालें’ या वाक्यापेक्षां ‘शेंकडा १६, दोन इकडे-तिकडे’ हें वाक्य सहा महिन्यांनीं वही उघडणारास अधिक उपयोगी पडतें.

पण ‘उष्णतेनें’ हा शब्द मात्र वाचनांतून निघत नाहीं. रस पंधरा मिनिटें उकळला, तितकाच वेळ तो हवेंतही उघडा होता, आणि निवेपर्यंत आणखी कांहीं वेळ तसाच राहिला. ऍस्कॉर्बिक आम्ल हवेंतील प्राणवायूनेंही हळूहळू बिघडतें. न तापवितां तेवढाच वेळ उघडा ठेवलेला रस जर सोबत मोजला असता, तर उष्णतेचा वांटा निराळा काढतां आला असता. तो मोजला नाहीं. तेव्हां वहींत कारण म्हणून उष्णता लिहावयाची नाहीं. ‘उघड्या पात्रांत उकळल्यानंतर’ एवढेंच लिहावयाचें. पुस्तकांत उष्णतेचें कारण दिलेलें असतें आणि तें बरोबरही असतें. परंतु पुस्तकाला ठाऊक असलेली गोष्ट या प्रयोगानें दाखविली असें त्यावरून होत नाहीं. ‘सिद्ध झालें’ हा शब्द तर आम्हीं सरळ खोडला.

आतां मर्यादांकडे. मर्यादा लिहितांना मुलांचा सर्वांत आवडता शब्द ‘मानवी चूक’. त्यानें कांहींच कळत नाहीं, म्हणून तो टाकावा. खऱ्या मर्यादेस तीन अंगें असतात : कोणती गोष्ट, ती उत्तरास कोणत्या बाजूस ओढते, आणि साधारण किती. आयोडीनचें द्रावण ताजें नव्हतें हें विधान या कसोटीस लावून पाहूं. आयोडीन उडून जाणारें द्रव्य आहे. ठेवलेलें द्रावण हळूहळू पातळ होतें. समजा, तें शेंकडा दहा पातळ झालें होतें. मग तेंच काम करण्यास अधिक मिलिलिटर लागले, आणि ३६ व ३० हे दोन्ही आंकडे प्रत्यक्षापेक्षां मोठे आले. परंतु दोन्ही सारख्याच प्रमाणांत मोठे आले! त्यांचें गुणोत्तर बदललें नाहीं, आणि शेंकडा १६ ही घट जशीच्या तशी राहिली. म्हणजे ही मर्यादा मिलिग्रॅमच्या आंकड्याला लागू आहे, घटीच्या आंकड्याला नाहीं. अट एवढीच कीं दोन्ही मापनें एकाच दिवशीं, एकाच बाटलींतल्या द्रावणानें झालेलीं असावीं. या अहवालांत तीं तशीं झालीं आहेत. कोणती मर्यादा कोणत्या निष्कर्षाला बाधते हें असें जोडून न लिहिल्यास, वाचणारा एका ओळीमुळें सगळ्याच प्रयोगावर अविश्वास करूं लागतो.

आटण्याची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. चर्चेंत ती अर्ध्या वाक्यांत आली आहे, पण आमच्या मतें या अहवालांतील सर्वांत मोठी मर्यादा तीच. रस उकळला कीं पाणी वाफ होऊन जातें आणि उरलेला रस दाट होतो. शंभर मिलिलिटरचे नव्वद उरले असें धरा. त्या दाट रसाच्या शंभर मिलिलिटरांत ३० मिलिग्रॅम सांपडले, तर पात्रांत प्रत्यक्ष उरले २७. आरंभीं होते ३६. म्हणजे खरी घट १६ नव्हे, जवळजवळ २५! ब्यूरेटच्या वाचनानें फरक पडतो दोनाचा, आणि येथें पडतो आठ-नवांचा. उकळल्यावर किती रस उरला हें मोजलेलें नसल्यामुळें ही दुरुस्ती आतां करतां येत नाहीं. पण दिशा निश्चित सांगतां येते. आटल्यानें घट कमीच दिसते, जास्त कधींच नाहीं. म्हणून निष्कर्षांत ‘निदान’ हा एक शब्द वाढवावा लागतो. मर्यादेनें निष्कर्षाचें वाक्य असें बदलावें लागतें. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून भागत नाहीं.

आणखी एक मर्यादा चर्चेंत आलेलीच नाहीं. ऍस्कॉर्बिक आम्लाचा ऑक्सिजनाशीं संयोग झाला कीं प्रथम जो पदार्थ बनतो, त्यास डीहायड्रोऍस्कॉर्बिक आम्ल म्हणतात. आपलें शरीर त्याचें पुन्हा ऍस्कॉर्बिक आम्ल करूं शकतें, म्हणून तोही जीवनसत्त्वाचें काम करतो. आयोडीनला मात्र तो दिसत नाहीं. तेव्हां आयोडीनच्या मापानें जें गेलें तें सारें शरीरालाही मुकलें असें म्हणतां येणार नाहीं. यासाठीं वहींत ‘जीवनसत्त्व’ असा सैल शब्द न घालतां ‘आयोडीननें मोजलें जाणारें ऍस्कॉर्बिक आम्ल’ असें लिहावें. शब्द लांब आहे खरा, पण मोजलें तें हेंच.

राहतां राहिलें गृहिणींस केलेलें उपदेशाचें वाक्य. प्रयोगांत नुसता रस होता, पात्र कांचेचें होतें, वेळ पंधरा मिनिटें होता. भाजींत रस पातळ होतो, मीठ-मसाला असतो, आणि पात्र बहुधा धातूचें असतें. कल्हई उडालेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत तर तांब्याच्या अंशानें हा बिघाड फारच वेगानें होतो. म्हणजे स्वयंपाकघरांतील घट या आंकड्याहून कमीही असेल, अधिकही असेल; एका कांचपात्रावरून तिजविषयीं बोलतां येत नाहीं. सल्ला कदाचित् चांगलाच असेल, पण त्याची जागा या वहींत नाहीं.

इतकें झाल्यावर दीड पानाच्या चर्चेचें वहींत एवढें उरतें :

‘निष्कर्ष – उघड्या कांचपात्रांत १५ मिनिटें उकळल्यानंतर लिंबाच्या रसांतील आयोडीननें मोजलें जाणारें ऍस्कॉर्बिक आम्ल निदान शेंकडा १६ (± २) नें कमी आढळलें. मर्यादा – उकळल्यावर उरलेला रस मोजला नाहीं. त्यामुळें घट प्रत्यक्षापेक्षां कमी दिसते. शेंकडा १० रस आटला असल्यास खरी घट सुमारें २५. आयोडीनचें द्रावण प्रमाणित केलें नव्हतें. त्यामुळें ३६ व ३० मिलिग्रॅम हे आंकडे अनिश्चित, घटीवर परिणाम नाहीं. न तापविलेल्या रसाची तुलना नाहीं; उष्णता व हवा यांचा वांटा वेगळा करतां येत नाहीं. डीहायड्रोऍस्कॉर्बिक आम्ल मोजलें जात नाहीं.’

ही नोंद शाईनें, तारीख घालून, वाचनांच्या कोष्टकाखालींच लिहावी, म्हणजे आंकडा व त्याची मर्यादा एकाच नजरेंत येतात. मागाहून एखादा शब्द बदलावासा वाटला तर एक रेघ मारून शेजारीं नवा लिहावा व तेथेंही तारीख घालावी. जुना शब्द वाचतां आला पाहिजे. तिच्या खालीं पुढच्या खेपेची एक ओळ असावी, आणि ती मर्यादांतूनच यावी : उकळल्यानंतर रस पाणी घालून पुन्हा शंभर मिलिलिटर करणें, तेवढाच वेळ उघडा ठेवलेला थंड रस सोबत मोजणें, आणि शंभर मिलिग्रॅम शुद्ध ऍस्कॉर्बिक आम्ल शंभर मिलिलिटर पाण्यांत विरघळवून त्यांतील दहा मिलिलिटरांस किती आयोडीन लागतें तें आधीं पाहणें. द्रावण बरोबर असेल तर हें वाचन ११.४ च्या आसपास येतें, १२.५ आलें तर आयोडीन शेंकडा नऊनें पातळ झालें आहे असें समजून मिलिग्रॅमचे आंकडे तितके कमी करून घ्यावे.